कोणते कण, ते आधी विचारा

नववीच्या विज्ञानात ‘द्रव्याचे मोजमाप’ नावाचा पाठ आहे. मुलांना मोल पहिल्यांदा भेटतो तो तिथे. अकरावीत तो पुन्हा येतो आणि मग रसायनशास्त्राची पाठ काही सोडत नाही. पाठ संपला की शिक्षक एक वर्कशीट देतात. त्यात ‘९ ग्रॅम पाण्यात किती मोल?’, ‘इतक्या रेणूंचे वस्तुमान किती?’, ‘इतक्या ग्रॅममध्ये अणू किती?’ असे दहा-बारा प्रश्न असतात. बहुतेक मुले एक त्रिकोण पाठ करून ते सोडवतात. त्रिकोणाच्या वरच्या कोपऱ्यात वस्तुमान, खाली मोल आणि मोलचे वस्तुमान. जे हवे ते बोटाने झाकायचे आणि उरलेल्यांचा गुणाकार किंवा भागाकार करायचा. मला हा त्रिकोण अजिबात आवडत नाही. तो उत्तर देतो, पण आपण काय मोजतो आहोत याचा विचार करू देत नाही, आणि मोलच्या उदाहरणात मुले चुकतात ती नेमकी तिथेच.

मुळात अडचण साधी आहे. रासायनिक अभिक्रिया कणांच्या संख्येने होतात. हायड्रोजनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू मिळून पाण्याचे दोन रेणू होतात, असा तो हिशोब असतो. प्रयोगशाळेत मात्र आपल्याकडे असतो तराजू. कण मोजता येत नाहीत, वजन करता येते. तेव्हा वजनावरून संख्या काढावी लागते.

शेतीत ही युक्ती जुनीच आहे. बियाण्याचे दाणे कोणी मोजत बसत नाही. ‘हजार दाण्यांचे वजन’ काढून ठेवतात. गव्हाच्या हजार दाण्यांचे वजन साधारण ४० ग्रॅम धरले आणि बाजरीच्या हजार दाण्यांचे १० ग्रॅम, तर ४ किलो गव्हात एक लाख दाणे असतात आणि १ किलो बाजरीतही एक लाखच. वजने वेगळी, संख्या तीच. पेरणीला एकरी किती रोपे हवीत हे ठरले की तराजूवर काय तोलायचे ते ठरते. मोलमध्ये याहून वेगळे काही नाही. फक्त ‘हजार’च्या जागी ६.०२२ × १०²³ ही संख्या येते, कारण अणू फारच लहान आहेत.

पण हीच संख्या का? एखादी गोल, सोयीची संख्या का घेतली नाही? त्याचे कारण अणूंमध्ये नाही, आपल्या ग्रॅममध्ये आहे. अणूंची वस्तुमाने आपण डाल्टन या एककात लिहितो: हायड्रोजन १, कार्बन १२, ऑक्सिजन १६. असे किती डाल्टन एकत्र केले की एक ग्रॅम भरतो? ६.०२२ × १०²³. त्यामुळे एका पाण्याच्या रेणूचे वस्तुमान १८ डाल्टन असेल, तर एवढ्या रेणूंचे वस्तुमान १८ ग्रॅम होते. आकडा तोच राहतो, एकक बदलते. रसायनशास्त्रज्ञांनी मोल इतक्या खटपटीने जपला तो या सोयीसाठी. उद्या ग्रॅमऐवजी दुसरे एखादे माप प्रमाण मानले, तर ही संख्याही बदलेल आणि निसर्गाला त्याचा पत्ताही लागणार नाही.

आमेदेओ ॲव्होगॅड्रो यांनी १८११मध्ये एवढेच मांडले होते की तापमान आणि दाब सारखे असतील, तर वायूंच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते. ती संख्या किती, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांचे नाव या अंकाला पुढे, १९०९मध्ये, फ्रेंच शास्त्रज्ञ जाँ पेराँ यांनी दिले. ‘कार्बन-१२च्या १२ ग्रॅममध्ये जितके अणू तितके कण म्हणजे एक मोल’ अशी व्याख्या बरीच वर्षे चालली. २० मे २०१९पासून ती बदलली असून आता एक मोल म्हणजे बरोबर ६.०२२१४०७६ × १०²³ कण, असे ठरवून टाकले आहे. शाळेतल्या उदाहरणांना या बदलाने काही फरक पडत नाही. तिथे ६.०२२ पुरते.

आता वर्कशीटकडे वळू. ९ ग्रॅम पाणी. एका मोलचे वस्तुमान १८ ग्रॅम, म्हणजे १८ ग्रॅम प्रति मोल. ९ ग्रॅमला १८ ग्रॅम प्रति मोलने भागले की ग्रॅम कटतात आणि ०.५ मोल उरतो. त्याला ६.०२२ × १०²³ रेणू प्रति मोल याने गुणले की मोल कटतो आणि ३.०११ × १०²³ रेणू उरतात. एकके अशी शेजारी लिहिली, तर गुणायचे की भागायचे हे पाठ करावे लागत नाही. चुकून ९ला १८ने गुणले, तर ‘ग्रॅमचा वर्ग प्रति मोल’ असे काहीतरी विचित्र एकक हातात येते आणि चूक तिथल्या तिथे कळते. त्रिकोण ही सूचना देत नाही, कारण त्यात एकके नसतातच.

उलट दिशेनेही वाट तीच आहे. कार्बन डायऑक्साइडच्या १.५०५५ × १०²³ रेणूंचे वस्तुमान विचारले, तर आधी मोल काढायचे: ६.०२२ × १०²³ ने भागून ०.२५. मग ४४ ग्रॅम प्रति मोलने गुणायचे: ११ ग्रॅम. वजनाकडून संख्येकडे जा किंवा संख्येकडून वजनाकडे, मोलवरून गेल्याशिवाय पलीकडे जाता येत नाही. ही एक गोष्ट पक्की झाली की वर्कशीटमधले निम्मे प्रश्न संपतात.

उरलेले निम्मे अवघड असतात ते आकडेमोडीमुळे नव्हे, तर कणांमुळे. त्याच ९ ग्रॅम पाण्यात एकूण अणू किती, असे विचारले की वर्गातले बरेच हात खाली येतात. अर्धा मोल रेणू आहेत, प्रत्येक रेणूत तीन अणू आहेत, तेव्हा अणू दीड मोल, म्हणजे ९.०३३ × १०²³. यात नवे सूत्र काहीच नाही. मोल हे फक्त मोजण्याचे माप आहे. काय मोजले ते वेगळे सांगावे लागते. एकक पद्धतीच्या नियमांतही मोल म्हणताना कण कोणते ते नमूद करावे, अशी अट आहे.

ही अट प्रश्न काढणारेही मोडतात. ‘१६ ग्रॅम ऑक्सिजनमध्ये किती मोल?’ हा प्रश्न कित्येक वर्कशीटमध्ये सापडतो. ऑक्सिजनचे अणू मोजायचे असतील तर १ मोल, रेणू मोजायचे असतील तर अर्धा. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, प्रश्न अपुरा आहे. उत्तरसूचीत त्यांतले एकच छापलेले असते आणि दुसरे लिहिणारा मुलगा उगाच आपल्याला काही येत नाही असे समजतो. ‘ऑक्सिजन वायू’ म्हटले असेल तर तो O₂ समजायचा, हा चांगला संकेत आहे. पण ‘वायू’ हा शब्द न लिहिता तो पाळला जाईल अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

मिठाचे आणखी निराळे. ५.८५ ग्रॅम मीठ म्हणजे ०.१ मोल, इथपर्यंत ठीक. पुढे ‘म्हणून मिठाचे रेणू ६.०२२ × १०²²’ असे लिहिले की गाडी घसरते. मिठाच्या खड्यात रेणू नसतातच. सोडियम आणि क्लोरीनचे आयन एकाआड एक रचलेले असतात आणि NaCl हे सूत्र केवळ त्यांचे प्रमाण सांगते. तेव्हा सोडियमचे आयन ६.०२२ × १०²², क्लोराइडचे तितकेच आणि एकूण आयन त्याच्या दुप्पट. संख्या बरोबर आणि कणाचे नाव चूक, असे उत्तर अनेकदा पूर्ण गुण मिळवून जाते. मी असतो तर अर्धा गुण कापला असता.

हे सगळे एकाच ठिकाणी पाहायचे असेल तर मोरचूद घ्यावे. नाशिककडच्या द्राक्षबागाईतदारांना त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. केवड्यासाठी फवारायच्या बोर्डो मिश्रणात ते पडते. एक टक्क्याच्या मिश्रणाला १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. रसायनशास्त्रात याचे सूत्र CuSO₄·5H₂O असे लिहितात. मधला टिंब गुणाकाराचा नाही. तांब्याच्या सल्फेटच्या प्रत्येक घटकामागे पाण्याचे पाच रेणू स्फटिकात अडकलेले आहेत, एवढेच तो सांगतो. निळा रंग याच पाण्यामुळे.

समजा ४.९९ ग्रॅम मोरचूद घेतले. आधी एका मोलचे वस्तुमान काढू. तांबे ६३.५, गंधक ३२, ऑक्सिजनचे चार अणू ६४, असे निर्जल कॉपर सल्फेटचे १५९.५ झाले. पाण्याच्या पाच रेणूंचे ९० मिळवले की २४९.५. आता ४.९९ला २४९.५ने भागले की ०.०२ मोल मिळतात.

हा ०.०२ कशाचा? CuSO₄·5H₂O या संपूर्ण सूत्राचा. एका सूत्रात तांब्याचा एक आयन आहे, म्हणून तांब्याचे आयन ०.०२ मोल, म्हणजे १.२०४ × १०²². एका सूत्रात पाण्याचे पाच रेणू आहेत, म्हणून पाणी ०.१ मोल, म्हणजे ६.०२२ × १०²² रेणू. आणि ऑक्सिजनचे अणू? सल्फेटमधले चार आणि पाण्यातले पाच, एकूण नऊ. म्हणजे ०.१८ मोल, म्हणजे सुमारे १.०८४ × १०²³ अणू. एकाच चिमटीभर पदार्थाबद्दल ‘कण किती?’ या प्रश्नाची ही तीन वेगळी उत्तरे झाली आणि तिन्ही खरी आहेत.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे पाणी विसरून १५९.५ने भागणे. मग मोल ०.०२ऐवजी ०.०३१३ येतात, म्हणजे खऱ्या उत्तराच्या दीडपटीहून जास्त. दुसरी चूक ऑक्सिजन मोजताना होते. टिंबाच्या अलीकडचे चार अणू मोजले जातात आणि पलीकडचे पाच राहून जातात. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे: सूत्र पुरते वाचलेलेच नसते.

मोरचूद घ्यायचे दुसरे कारण असे, की याचा ताळा प्रयोगशाळेत पाहता येतो. चिनी मातीच्या मुशीत ४.९९ ग्रॅम निळी पूड घेऊन बेताने तापवली, तर पाणी उडून जाते आणि पांढुरकी पूड उरते. हिशोब बरोबर असेल तर ती ०.०२ × १५९.५, म्हणजे ३.१९ ग्रॅम भरायला हवी. घट आली १.८० ग्रॅमची. पाण्याचे एका मोलचे वस्तुमान १८, म्हणजे उडालेले पाणी ०.१ मोल. उरलेले निर्जल सल्फेट ०.०२ मोल. प्रमाण पाचास एक. सूत्रातला ५ हा आकडा पुस्तकातून नव्हे, तराजूवरून मिळाला.

हातात मात्र इतके सरळ आकडे क्वचितच येतात. समजा मुशीत ३.१९ऐवजी ३.३५ ग्रॅम पूड उरली. घट १.६४ ग्रॅम, म्हणजे ०.०९११ मोल पाणी. ३.३५ला १५९.५ने भागले की ०.०२१० मोल. प्रमाण आले ४.३. सूत्रात ४.३ रेणू कसे असतील? तेव्हा हा आकडा चार किंवा पाच असा दाबून बसवण्याऐवजी काय घडले ते विचारावे. मोरचूदाचे चार रेणू पाणी साधारण ११० अंश सेल्सिअसपर्यंत निघून जाते. पाचवा रेणू घट्ट धरलेला असतो. तो २०० अंशांच्या आसपास सुटतो. घाईने तापवणे थांबवले की त्यातला काही भाग आतच राहतो. म्हणून मूस थंड करून तोलायची, पुन्हा तापवायची, पुन्हा तोलायची आणि लागोपाठची दोन वजने सारखी येईपर्यंत हे चालू ठेवायचे. थंडही कोरड्या, झाकलेल्या भांड्यातच करायची, नाहीतर पांढरी पूड हवेतला ओलावा पुन्हा ओढून घेते आणि कडेने निळी व्हायला लागते. उलट फार जोरात तापवले, तर सल्फेटच फुटते आणि पूड काळी पडू लागते. मग घट पाण्याहून जास्त दिसते आणि प्रमाण पाचाच्या वर जाते. वर्कशीटवरचा आकडा चुकला की खोडरबर घेतात. मुशीतला आकडा चुकला की तो काय चुकले तेही सांगतो.

बागेतही याचा संबंध येतो. निळ्या मोरचूदाच्या एका किलोत तांबे भरते सुमारे २५४ ग्रॅम, ६३.५ भागिले २४९.५ केले की हे मिळते. तेच निर्जल पांढरे असेल तर किलोमागे तांबे जवळपास ३९८ ग्रॅम. वजन तेच, कण निराळ्या संख्येने. फवारणीची प्रमाणे निळ्या स्फटिकांसाठी लिहिलेली असतात, तेव्हा पिशवीत काय आहे हे पाहणे हाही मोलचाच हिशोब झाला.

आता घातांकांबद्दल थोडे, कारण कण नीट ओळखणारी मुलेही इथे घसरतात. आपल्या बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही; बारावीला लॉग टेबल मिळते. ३.०११ × १०²² ला ६.०२२ × १०²³ ने भागताना ०.५ पटकन दिसते, पण २२ वजा २३ चे उणे एक हरवते. उत्तर ०.५ नसून ०.०५ आहे. लॉग काढण्याआधी एकदा नुसते पाहावे: दिलेले कण ॲव्होगॅड्रो अंकापेक्षा कमी आहेत ना? मग मोल एकापेक्षा कमीच यायला हवेत. दिलेला घातांक एकाने लहान असेल तर मोल दशांश किंवा शतांशाच्या घरात, दोनाने लहान असेल तर शतांश किंवा सहस्रांशाच्या घरात.

असाच दुसरा प्रश्न म्हणजे पाण्याच्या एका रेणूचे वस्तुमान ग्रॅममध्ये काढा. १८ला ६.०२२ × १०²³ ने भागायचे, उत्तर २.९९ × १०⁻²³ ग्रॅम. भागण्याऐवजी गुणले तर १.०८ × १०²⁵ ग्रॅम येते आणि ते तसेच ठळक अक्षरांत लिहून अधोरेखित केलेले मी पाहिले आहे. हे वस्तुमान चंद्राच्या साधारण सातव्या हिश्शाएवढे होते. पाण्याच्या एका रेणूचे! एका कणाचे वस्तुमान विचारले की घातांक उणे विसाच्या आसपास यायला हवा. चिमटीत किंवा चमच्यात मावणाऱ्या पदार्थातले कण विचारले की तो अधिक विसाच्या वर, बहुधा २१ ते २४च्या दरम्यान यावा. एवढे ध्यानात ठेवले तर उत्तरसूची न पाहताही चूक कुठे आहे ते कळते.

शेवटचा एक वाद दशांशांचा. कोणी तांबे ६३.५ घेतो, कोणी ६३.५५, कोणी ६.०२२ घेतो, कोणी नुसते ६. उत्तरे तिसऱ्या आकड्यात हलतात आणि मुले घाबरतात. प्रश्नात ज्या किमती दिल्या असतील त्याच वापराव्यात आणि उत्तर तीन सार्थ अंकांपुरते ठेवावे, म्हणजे वाद राहत नाही. या किमती स्वतः सरासरी असतात, हेही लक्षात असू द्यावे. क्लोरीनचा ३५.५ वस्तुमानाचा एकही अणू जगात नाही. निसर्गात साधारण तीन भाग ३५चे आणि एक भाग ३७चे अणू मिसळलेले असतात, त्यांची ती सरासरी. मोलमध्ये अणूंची संख्या अफाट असल्यामुळे सरासरी धरून काम भागते. एका अणूविषयी बोलताना ती लावली तर फसगत होते.

वर्कशीट पुढ्यात आली की पेन उचलण्यापूर्वी प्रत्येक प्रश्नात कणाच्या नावाखाली रेघ ओढावी. अणू, रेणू, आयन की संपूर्ण सूत्र, ते एकदा ठरले की मोल काढणे एका ओळीचे काम आहे. सरावासाठी एक प्रश्न देतो. धुण्याच्या सोड्याचे सूत्र Na₂CO₃·10H₂O. सोडियम २३, कार्बन १२, ऑक्सिजन १६, हायड्रोजन १ धरा. १४.३ ग्रॅम सोड्यात ऑक्सिजनचे अणू किती? उत्तर सुमारे ३.९१ × १०²³. तुमचे ९.०३ × १०²² आले असेल, तर टिंबाच्या पलीकडचे दहा अणू मोजायचे राहिले आहेत.